बारीकताईच्या रक्ताची साक्ष

बेकरीत तिला सगळे बारीकताई म्हणत. एक तर ती अंगानं काडीसारखी, आणि दुसरं म्हणजे केकवरचं तिचं अक्षर. क्रीमच्या कोनातून ती इतकी बारीक रेघ काढायची की वीतभर केकवर अख्खं पत्र मावावं. वाढदिवस, लग्न, निरोपसमारंभ, कुणाच्या एकसष्टीचा केक, सगळ्यांची नावं बावीस वर्षं तिच्याच हातून उमटली. स्वतःचं लग्न झालं नव्हतं. आई होती तोवर दोन खोल्यांत दोघी राहायच्या. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि एक खोली उगाचच जास्त झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरला भाऊ आणि वहिनी. रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला जायची. तेवढंच काय ते येणंजाणं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला तहान लागायला लागली. साधी नव्हे. तांब्याभर पाणी प्यायलं तरी घसा कोरडा तो कोरडाच. मग वजन उतरायला लागलं. आधीच कुठे होतं म्हणा. घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर तीनशे दहा निघाली.

हे डॉक्टर तिच्या आईला वीस वर्षं औषध देत आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आईला होता, तुम्हाला झाला. टाइप टू. या वयात हाच होतो. गोळ्या देतो, पण खरं औषध तुमच्या तोंडाशी आहे. काम बेकरीत करता ना?"

"हो."

"मग कळलं मला," म्हणत ते हसले.

तीही हसली. तेव्हा तिला वाटलं, हा विनोद आहे.

तिनं गोड सोडलं. चहातली साखर सोडली, भात अर्ध्यावर आणला, संध्याकाळी तासभर चालायला लागली. सुरुवातीचे दोन-तीन महिने साखर जरा खाली आली. मग पुन्हा वर चढायला लागली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. साखर कुणाचं ऐकेना. दर खेपेला डॉक्टर आकड्यावर बोट ठेवायचे आणि तिच्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "ताई, रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"मी काही खात नाही हो."

"सगळे हेच सांगतात."

काय बोलणार? घरी एकटीच राहते. तिच्या ताटात काय असतं ते बघायला कोण आहे? आई असती तर दवाखान्यात पदर खोचून भांडली असती.

रविवारी वहिनी वाढताना म्हणाली, "भात दोनच चमचे घालते हं तुम्हाला. इथे आमच्यासमोर पथ्य, आणि तिकडे दिवसभर क्रीमच्या पातेल्याशी." मग दादाकडे बघून, "मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही."

दादा जेवत राहिला. बारीकताईला वाटलं, तो मान वर करेल. त्यानं पाणी प्यायलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर ती रविवारी काहीतरी कारण काढायला लागली. आज ऑर्डर आहे, आज पाय दुखतोय. दोन-तीनदा दादाचा फोन आला. पुढे तोही येईनासा झाला.

बेकरीत बोलून कुणी दाखवलं नाही, पण तिला साखर आहे हे सगळ्यांना कळलं होतं आणि वजन उतरतानाही दिसत होतं. कोनातून थेंब बोटावर पडला आणि ती पुसायला फडकं शोधायला लागली की बाजूची माणसं क्षणभर तिच्या हाताकडे बघायची. आपल्याला तसं वाटतंय की खरंच तसं आहे, हे तिला कळेना. आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट झाली. तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. बावीस वर्षांची सवय, नकळत बोट चाटत असू का आपण? तिनं मास्क लावायला सुरुवात केली. सकाळी आत शिरताना लावायची, ते थेट बाहेर पडताना काढायची. पाणी प्यायचं तर मागच्या दारी जायची. दोन महिने असे काढले. साखर तरी वरच.

शेवटी मालकांनी तिला बोलावलं. ते तिच्याशी नेहमी अदबीनं बोलत. "ताई, तुमच्या तब्येतीसाठीच सांगतो. थोडे दिवस पॅकिंगला बसा. डोळ्यांसमोरच नको आणि मोहही नको."

त्यांना ते चांगलंच वाटत होतं, म्हणून तर भांडताही येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, पण इथे फाशी देणाराही हात जोडून उभा. ती मागच्या खोलीत खोक्यांच्या घड्या घालत बसली.

तशातही एकदा मोठी ऑर्डर आली म्हणून मालकांनी तिला नावं लिहायला बोलावलं. तिनं कोन हातात घेतला आणि तिला केकची कडाच दिसेना. अक्षरं एकमेकांत शिरत होती. महिन्यात दुसऱ्यांदा ती चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मेवाल्यानं नंबर काढला, मग जुना कागद बघितला आणि पुन्हा काढला.

"महिन्याभरात नंबर दोनदा बदललाय तुमचा. साखर आहे का?"

"आहे."

"मग मी आत्ता चष्मा करून देणार नाही. साखर वरखाली झाली की नंबर असाच पळतो. आधी मोठ्या हॉस्पिटलात मधुमेहाच्या विभागात जा. आणि हे बघा," त्यानं तिच्या मनगटाकडे बघितलं, "उद्यावर ढकलू नका."

मधुमेहाच्या विभागात बाकावर सगळी जोडीनं आलेली माणसं होती. कुणाची फाइल मुलाच्या हातात, कुणाची बायकोच्या पिशवीत. तिनं आपली फाइल मांडीवर उभी धरली. डॉक्टरबाई तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असाव्यात. त्यांनी फाइल उघडली नाही. आधी तिलाच बघितलं.

"वजन किती होतं आजाराआधी?"

"एक्कावन्न. आता बेचाळीस."

"कधी जाड होता?"

"कधीच नाही."

"दुसरी कुठली गोळी?"

"थायरॉइडची. दहा वर्षं झाली."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी फाइल उघडून शेवटची चिठ्ठी बघितली. "आणि ही नवी गोळी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी, ही कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आजपासून बंद. अगदी आत्तापासून." मग त्यांनी लघवी तपासायला सांगितली आणि बोटातून थेंबभर रक्त काढायला लावलं. लघवीत कीटोन निघाले. म्हणजे शरीराला साखर वापरता येत नव्हती म्हणून ते आपलीच चरबी जाळत सुटलं होतं. रक्तातही ते वाढलेले होते. कीटोन साचून रक्त आंबट झालं की जिवावर बेततं; पुढच्या तपासणीत कळलं की ते अजून तसं झालेलं नाही. "पण तिकडेच निघालं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज इथे राहावं लागेल. सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर लिहा."

तिनं दादाचा नंबर लिहिला. लिहिताना शेवटचे दोन आकडे आठवेनात, फोनमध्ये बघावे लागले.

इन्शुलिन त्याच दिवशी सुरू झालं. तिला वाटलं होतं, तपासण्या होतील, मग ठरेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधाला रिपोर्टची वाट बघायची नसते. तुमच्या शरीराला आत्ता इन्शुलिन हवंय, ते दिसतंच आहे. तपासणी कशासाठी, तर हे इन्शुलिन कायमचं की तात्पुरतं, ते कळायला. मला शंका आहे की हा टाइप टू नाहीच."

"मग काय आहे?"

"टाइप वन असू शकतो. लोकांना वाटतं तो फक्त मुलांना होतो. तो कुठल्याही वयात होतो, पण चाळिशीनंतर झाला की कुणाच्या मनात येत नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "टाइप टूमध्ये इन्शुलिन तयार होतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि हळूहळू ते पुरेनासं होतं. टाइप वनमध्ये शरीराचे पहारेकरी आपल्याच घरच्यांना चोर समजतात. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांनाच मारून टाकतात. त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात. त्यांना अँटिबॉडी म्हणतात. थायरॉइडच्या बाबतीतही बऱ्याचदा असाच हल्ला झालेला असतो, म्हणून मघाशी विचारलं. अँटिबॉडीसाठी रक्त आजच घेऊ. आणि दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची."

"ती कशाची?"

"इन्शुलिन बनताना आधी एक लांब साखळी बनते. मग ती कापली जाते आणि मधला तुकडा सुटा होतो. तो तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. एक इन्शुलिन, एक तुकडा. तुकडे मोजले की कळतं, आतला कारखाना किती चालू आहे."

बारीकताई विचार करून म्हणाली, "आम्ही केकचा वरचा फुगवटा कापून तो सपाट करतो. किती केक झाले ते कुणी विचारलं, तर ट्रेमधले कापलेले फुगवटे मोजले तरी चालतं."

"अगदी तेच!"

"पण आता तुम्ही बाहेरून इन्शुलिन देताय. मग मोजणी चुकेल की."

"बाहेरून आणलेल्या केकचे फुगवटे तुमच्या ट्रेमध्ये पडतात का?"

"नाही."

"तसंच. इंजेक्शनच्या इन्शुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. म्हणून तर इन्शुलिन न मोजता हे मोजायचं. फक्त आज नाही. साखर फार दिवस चढलेली असली की चांगल्या पेशीही थकून गप्प बसतात. आकडा उगाच कमी येईल आणि आपली फसगत होईल. दोन-तीन आठवडे साखर ताळ्यावर येऊ द्या, मग करू."

आजार कळल्यापासून चौदा महिन्यांत तिला कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिनं फक्त विचारलं, "मी चोरून खात असेन, तर ते या तपासणीत कळेल?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं कोण म्हणालं तुम्हाला?"

तिनं बाही वर सारून रक्त घ्यायला हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी सोडलं. दादाला हॉस्पिटलातून फोन गेला होता, पण त्याला कामावरून निघता आलं नाही. वहिनीनं फोन करून विचारपूस केली आणि शेवटी म्हणाली, "एवढं वाढेपर्यंत खायचं कशाला?" बारीकताईनं फोन खाली ठेवला आणि पोटाची चिमटी धरून घरातलं पहिलं इंजेक्शन स्वतः घेतलं. कुणी हात धरला नाही. तशी गरजही पडली नाही. कोन धरून धरून हात स्थिर झालेला होता.

सतरा दिवसांनी ती सी-पेप्टाइडसाठी लॅबमध्ये गेली. लॅबमधली सिस्टर पन्नाशीची, तोंडानं फटकळ. तिनं आधी बोटाचं रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सदुसष्ट! जेवून आला नाहीत?"

"थोडंसं खाल्लं. टेस्ट आहे म्हणून..."

"चिठ्ठीवर ठळक लिहिलंय, जेवून या. साखर कमी असली की शरीर आपणहून इन्शुलिन थांबवतं. मग सी-पेप्टाइड कमी दिसणारच. त्याला काय अर्थ?" बोलता बोलता तिनं ग्लुकोजचं पाणी कालवून दिलं. "हे प्या. आणि आज टेस्ट नाही. परवा या. डबा घेऊन या."

"डबा?"

"माझ्यासमोर जेवा. त्याशिवाय माझा तुमच्यावर विश्वास नाही."

हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिला टोचलं असतं. पण सिस्टरला संशय होता तो तिनं कमी खाल्ल्याचा! बारीकताईला जिन्यावरच हसू फुटलं. खूप दिवसांनी.

दोन दिवसांनी ती डबा घेऊन गेली. पेशंटची गर्दी ओसरली होती. सिस्टरनं तिला रक्त काढायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. भात, भाजी, वाटीभर डाळ. आधी ठरलेल्या मापाचं इन्शुलिन घेतलं आणि ती जेवायला लागली. पहिले चार घास तिनं मान खाली घालूनच खाल्ले. कुणी बघतंय आणि आपण जेवतोय, ही सवयच राहिली नव्हती. सिस्टर बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावत मधूनच बघत होती.

"एवढासा भात? अजून असेल तर घ्या."

"एवढाच आणलाय."

"पोराबाळांचं करून वेळ मिळत नसेल."

"मी एकटीच असते."

"मग तर नीट जेवायला हवं. एकट्या माणसाची भूकच आधी आळशी होते." एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

दीड तासानं सिस्टरनं रक्त काढलं. एक नळी साखरेची आणि एक सी-पेप्टाइडची, दोन्ही एकाच वेळी. दुसरी तिनं बर्फात खोचली. "ही बाहेर तशीच ठेवली की खराब होते. आणि दोन्ही आकडे एकत्रच बघायचे असतात. साखर किती होती हे माहीत नसेल तर नुसतं सी-पेप्टाइड म्हणजे अर्धी गोष्ट."

आठवड्यानं डॉक्टरबाईंनी कागद तिच्यासमोर ठेवले. अँटिबॉडी सापडली होती, आणि थोडीथोडकी नव्हे. त्या वेळची साखर दोनशे बारा, आणि सी-पेप्टाइड शून्य पूर्णांक तीन.

"एवढी साखर असताना हा आकडा याच्या कितीतरी पट हवा होता. किडनी ठीक आहे, साखर पुरेशी होती, रक्त नीट ठेवलं होतं. दोन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगतात. एक हो म्हणाली असती आणि एक नाही, तर मी आणखी थांबले असते. अँटिबॉडी सापडली नसती तरीही टाइप वन नाहीच, असं म्हणता आलं नसतं. पण तुमचं चित्र आता स्वच्छ आहे. हा टाइप वन आहे, ताई. इन्शुलिन कायमचं. बंद करायचं नाही, कुणीही सांगितलं तरी."

"आणि मी कमी खाल्लं असतं तर?"

"तरी झाला असता."

"गोड खाल्ल्यानं...?"

"नाही. हा खाण्यानं होत नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही."

बारीकताईनं कागद उचलला. आकडे तिला कळत नव्हते, तरी ती ते बघत राहिली. मग म्हणाली, "हे लिहून द्याल? शेवटचं जे बोललात ते. मराठीत."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला.

ती चिठ्ठी घेऊन ती आधी जुन्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचले. दाराबाहेर पेशंट खोळंबले होते. "माझ्या मनात आलं नाही," ते म्हणाले. "यायला हवं होतं. वजन उतरत होतं तेव्हाच. चुकलो मी, ताई." तिनं मान हलवली. हा माणूस असं काही म्हणेल हे तिला वाटलंच नव्हतं, त्यामुळे मनात जुळवून आणलेली वाक्यं तशीच राहिली.

दादानं चिठ्ठी वाचली आणि घडी करून परत दिली. वहिनीनं वाचली आणि म्हणाली, "म्हणजे हा लहान मुलांचा आजार? बाई, ऐकावं ते नवलच!" आणि मग कुणाच्यातरी बदलीचा विषय निघाला. बारीकताई वाट बघत बसली. कशाची, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. चहा झाला, कप विसळून झाले. निघताना दादा जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "रविवारी येत जा." ती बरं म्हणाली. ती महिन्यातून एकदा जाते, त्याहून जास्त नाही.

मालकांनी मात्र तिला त्याच दिवशी टेबल परत दिलं. नजर स्थिरावल्यावर चष्माही झाला. अक्षर पुन्हा पूर्वीसारखं उतरायला लागलं.

पण गंमत बघा. एका सकाळी अकराच्या सुमाराला तिचा हात थरथरायला लागला, घाम फुटला, समोरचं नाव वाकडं जायला लागलं. इन्शुलिन झालं होतं आणि न्याहारी कमी पडली होती. बोट टोचून बघितलं तर साखर एकोणसाठ. तिनं कोन खाली ठेवला, तीन चमचे साखर पेल्यातल्या पाण्यात ढवळली आणि सगळ्यांच्या देखत प्यायली. भट्टीवाला बघत राहिला. पॅकिंगवाल्या बाईंनी खोकं अर्धवट दुमडून धरलं. पंधरा मिनिटांनी तिनं साखर पुन्हा तपासली, दोन बिस्किटं खाल्ली, वाकडं गेलेलं नाव खरवडून काढलं आणि पुन्हा लिहिलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला त्या दिवशी वाटत राहिलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपेत साखर उतरली तर? घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

"मग हे औषधासारखंच समजा. कुणालातरी द्या."

तिनं आठवडाभर विचार केला. दादाचं घर लांब. बेकरीतली माणसं बेकरीपुरती. त्याच मजल्यावर, चौकापलीकडच्या दारात एक निवृत्त शिक्षक राहायचे, विधुर. अकरा वर्षांत जिन्यावर मान हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. एका संध्याकाळी तिनं त्यांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. हातात अर्धं चिरलेलं वांगं होतं.

"सर, एक विचारायचं होतं. मी रोज साडेसहाला खिडकीचा पडदा उघडते. तुमच्या गॅलरीतून तो दिसतो. सातपर्यंत उघडला नाही तर माझं दार वाजवाल? उत्तर आलं नाही तर ही किल्ली." मग तिनं आजाराचं सांगितलं, पाठ करून आणल्यासारखं भरभर. शुद्धीवर असेन तर साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, अँब्युलन्स बोलवा, नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

सरांनी किल्ली घेतली नाही. आधी आत जाऊन चष्मा घेऊन आले, वहीचं पान फाडलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. हळू. शुद्धीवर असाल तर किती चमचे?"

"तीन."

त्यांनी लिहून घेतलं. मग किल्ली खिळ्याला अडकवली, स्वतःच्या किल्लीशेजारी. "माझं साडेपाचलाच उठणं होतं," ते म्हणाले. "झोप येत नाही फारशी."

ती घरी आली. जेवणाचं मोजमाप केलं, इंजेक्शन घेतलं आणि टेबलाशी बसून सावकाश जेवली. सकाळी साडेसहाला पडदा सारला तर सर समोरच्या गॅलरीत उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि आत गेले.